ओटीपी अडतो कुठे?

ऑनलाइन फॉर्म शेवटच्या पानापर्यंत बिनबोभाट भरला जातो आणि सहा आकड्यांपाशी येऊन अडतो. कधी मेसेज येतच नाही. कधी येतो, पण चौकोनात आपोआप उतरत नाही. कधी आपण हाताने टाकतो आणि पान म्हणतं, 'Invalid OTP'. तिन्ही वेळा आपल्या तोंडी एकच तक्रार असते, 'ओटीपी चालत नाहीये'. प्रत्यक्षात हे तीन वेगळे बिघाड आहेत. त्यांची कारणं वेगळ्या ठिकाणी असतात आणि एकाचा इलाज दुसऱ्याला लागू पडत नाही.

म्हणून सगळ्यात आधी एक गोष्ट बघावी. मेसेजचं अ‍ॅप उघडून पाहायचं, मेसेज तिथे आलाय का? आला नसेल तर ब्राउझर, क्लिपबोर्ड किंवा परवानग्या यांच्याशी खटपट करण्यात अर्थ नाही, कारण गोष्ट फोनपर्यंत पोहोचलेलीच नाही. आला असेल तर नेटवर्कला बोल लावण्यात अर्थ नाही. मग अडचण फोनच्या आत आहे. ही एवढी विभागणी केली की निम्मं काम झालं.

फोनपर्यंतचा रस्ता

'Get OTP' दाबल्यावर वेबसाइटचा सर्व्हर एक आकडा तयार करतो आणि मुदतीचं घड्याळ तिथेच सुरू होतं. ही बाब पुष्कळांच्या लक्षात येत नाही. दहा मिनिटांची मुदत म्हणजे मेसेज हातात पडल्यापासून दहा मिनिटं नव्हेत, तर आकडा तयार झाल्यापासून. वाटेत सात मिनिटं गेली तर आपल्या हाती तीनच उरतात.

तयार झालेला आकडा एसएमएस पाठवण्याचं काम करणाऱ्या मध्यस्थ कंपनीकडे जातो आणि तिथून मोबाइल कंपनीकडे. भारतात इथे एक चाळणी लागते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे 'ट्राय'च्या, २०१८ च्या नियमांनुसार मोठ्या प्रमाणावर मेसेज पाठवणाऱ्या प्रत्येक संस्थेला आपली नोंदणी करावी लागते. पाठवणाऱ्याचं जे नाव आपल्याला दिसतं तेही नोंदवावं लागतं आणि मेसेजचा मसुदासुद्धा. मसुद्यात बदलणाऱ्या मजकुरासाठी, उदाहरणार्थ ओटीपीच्या आकड्यासाठी, रिकामी जागा सोडलेली असते. बाहेर पडणारा मेसेज या मसुद्याशी ताडून पाहिला जातो. जुळला तर पुढे जातो, नाही तर तिथेच थांबतो.

ही चाळणी किती परिणाम करू शकते, हे मार्च २०२१ मध्ये सगळ्या देशाने पाहिलं. ८ मार्चला ती कडकपणे लागू झाली. अनेक संस्थांनी मसुदे नीट नोंदवलेले नव्हते, त्यामुळे बँकांपासून लसीकरणाच्या नोंदणीपर्यंत ठिकठिकाणचे ओटीपी अडकले. दुसऱ्याच दिवशी ट्रायला ही अंमलबजावणी सात दिवसांसाठी स्थगित करावी लागली. आजही एखाद्या वेबसाइटचा ओटीपी कुणालाच येत नसेल आणि बाकीच्या सगळ्यांचे येत असतील, तर दोष आपल्या फोनचा नसून पाठवणाऱ्याच्या बाजूचा आहे, असं समजायला हरकत नाही. घरातल्या दुसऱ्या नंबरवर त्याच वेबसाइटचा आणि आपल्या नंबरवर दुसऱ्या कुठल्या वेबसाइटचा ओटीपी मागवून बघितला की एवढं ताडता येतं.

चाळणीतून सुटलेला मेसेज मोबाइल कंपनीच्या एसएमएस केंद्रात पोहोचतो. केंद्र आपला फोन शोधतं. फोन सापडला तर मेसेज लगेच येतो. त्या क्षणी फोन तळघरात, लिफ्टमध्ये किंवा घाटात असेल, तर मेसेज केंद्रात राहतो आणि काही वेळाने पुन्हा प्रयत्न होतो. हे प्रयत्न सलग होत नाहीत, मध्ये अंतर असतं. म्हणून रेंज परत आली तरी मेसेज लगेच येईलच असं नाही. केंद्राच्या पुढच्या प्रयत्नाची वेळ अजून यायची असते.

अशा वेळी एअरप्लेन मोड दहा-पंधरा सेकंद चालू करून बंद करण्याचा सल्ला दिला जातो आणि तो खरोखर उपयोगी आहे. एअरप्लेन मोड काढला की फोन नेटवर्कवर नव्याने आपली हजेरी लावतो. त्या हजेरीची खबर एसएमएस केंद्राला जाते आणि थांबलेला मेसेज पुढच्या फेरीची वाट न बघता सोडला जातो. पण यात एक मर्यादा आहे. मेसेज केंद्रात येऊन थांबला असेल तरच याचा उपयोग. तो मागे चाळणीपाशी किंवा मध्यस्थाकडे अडला असेल, तर एअरप्लेन मोड कितीही वेळा फिरवला तरी फरक पडणार नाही.

उशिराचं आणखी एक कारण आपल्या भाषेशी जोडलेलं आहे. इंग्रजी अक्षरांतल्या एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत फक्त ७०, आणि त्यात काना-मात्रा-वेलांट्याही वेगळ्या मोजल्या जातात. मजकूर त्याहून लांब झाला की मेसेजचे तुकडे होतात, प्रत्येक तुकड्यात ६७ अक्षरं. सगळे तुकडे आल्यावर फोन ते जोडतो आणि एक मेसेज म्हणून दाखवतो. एक तुकडा मागे राहिला की सबंध मेसेज रखडू शकतो. म्हणून मराठीत ओटीपी पाठवणाऱ्या संस्थेने मजकूर छोटा ठेवायला हवा. मराठी सोडून देण्याची गरज नाही, लांबण कमी करण्याची आहे.

'डू नॉट डिस्टर्ब'मध्ये नंबर नोंदवल्यामुळे ओटीपी येत नाही, हा मात्र गैरसमज आहे. ती नोंदणी जाहिरातींच्या मेसेजसाठी असते. २०२५ पासून पाठवणाऱ्याच्या नावापुढे -P, -S, -T किंवा -G असं एक अक्षर दिसतं. -P म्हणजे जाहिरात, -S म्हणजे सेवेचा मेसेज, -T म्हणजे व्यवहाराचा आणि -G म्हणजे सरकारी. ओटीपी जाहिरातीच्या वर्गात मोडत नाही. त्याऐवजी मेसेजच्या अ‍ॅपमधला 'Spam & blocked' हा कप्पा उघडून बघावा. कधीतरी वैतागून एखाद्या बँकेचे मेसेज ब्लॉक केलेले असतात आणि आज हवा असलेला ओटीपी मुकाट्याने तिथे जाऊन पडलेला असतो.

Resend चा सापळा

आता तो 'Invalid OTP'. हा बहुतेक वेळा घाईतून होतो आणि कसा होतो ते घड्याळ लावून पाहिलं की स्पष्ट दिसतं.

समजा, एक विद्यार्थिनी वडिलांच्या फोनवर शिष्यवृत्तीचा फॉर्म भरते आहे. सकाळी ११ वाजून ४ मिनिटांनी ती ओटीपी मागवते. सर्व्हर 482915 हा आकडा तयार करतो. रेंज जेमतेम आहे, मेसेजला चाळीस सेकंद लागणार आहेत. पण पानावर तीस सेकंदांची उलटी मोजणी संपते आणि Resend चं बटण उजळतं. ती ते दाबते. सर्व्हर नवा आकडा तयार करतो, 730164, आणि त्याच क्षणी जुना 482915 बाद ठरवतो.

दहा सेकंदांनी पहिला मेसेज येतो, 482915. ती तो टाकते. पान सांगतं, चूक. ती पुन्हा पाहते, आकडे तर बरोबर आहेत. वैतागून ती दुसऱ्यांदा Resend दाबते. आता 730164 सुद्धा बाद झाला, आणि नेमका तोच मेसेज काही सेकंदांत येऊन पोहोचतो. तो टाकला, पुन्हा चूक. ती सतत एक पाऊल मागे आहे. हाती येणारा प्रत्येक आकडा खरा आहे, पण तो येईपर्यंत तिने स्वतःच त्याची मुदत संपवलेली असते. आणखी एक-दोन प्रयत्न फसले की वेबसाइट काही काळासाठी तिला बंदी घालते.

यातून सुटायचं तर थांबावं लागतं. Resend ला हात न लावता दोन-तीन मिनिटं जाऊ द्यायची, म्हणजे वाटेत असलेले सगळे जुने मेसेज येऊन पडतील. मग एकदाच नवा ओटीपी मागवायचा आणि मेसेजमध्ये जी मुदत लिहिली असेल ती संपेपर्यंत दुसरा मागवायचा नाही. पानावरची तीस सेकंदांची मोजणी म्हणजे ओटीपीची मुदत नव्हे. पुन्हा मागण्याआधी किमान किती थांबायचं, एवढंच ती सांगते. काही वेबसाइट पुन्हा मागितल्यावर तोच आकडा परत पाठवतात, पण बाहेरून ते कळायला मार्ग नसतो. त्यामुळे जुना बाद झाला असंच धरून चालावं.

मेसेज वाचतं कोण?

मेसेज आला, पण चौकोन रिकामाच. इथे पहिला संशय परवानगीवर जातो. 'क्रोमला एसएमएसची परवानगी दिली नसेल' असं कुणीतरी सांगतं आणि आपण सेटिंगमध्ये शोधत बसतो. तिथे तशी परवानगी सापडत नाही, कारण ब्राउझरला ती लागतच नाही.

अँड्रॉइड फोनवर व्यवस्था अशी आहे. वेबसाइटचं पान ब्राउझरला सांगतं, 'माझ्यासाठी एक ओटीपी येणार आहे, लक्ष ठेव.' ब्राउझर स्वतः मेसेज वाचत नाही. तो हे काम फोनमधल्या 'गुगल प्ले सर्व्हिसेस' या यंत्रणेकडे सोपवतो. ती येणाऱ्या मेसेजकडे लक्ष ठेवते, योग्य मेसेज दिसला की खालच्या बाजूला एक पट्टी उघडते आणि तो मेसेज दाखवून विचारते, हा क्रोमला वाचू द्यायचा का? Allow म्हटलं की त्या एकाच मेसेजमधला आकडा पानाकडे जातो. बाकीचे मेसेज बंदच राहतात. ही सोय अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये २०२० साली, ८४ व्या आवृत्तीपासून आली.

योग्य मेसेज कुठला हे यंत्रणा कसं ओळखते? शेवटच्या ओळीवरून. मेसेज साधारण असा असावा लागतो:

```
482915 हा तुमचा ओटीपी आहे. कुणालाही सांगू नका.

@example.com #482915
```

शेवटच्या ओळीत @ नंतर वेबसाइटचा पत्ता आणि # नंतर आकडा. उघडलेल्या पानाचा पत्ता आणि हा पत्ता जुळला, तरच पट्टी उघडते. ही ओळच नसेल तर क्रोमच्या लेखी तो ओटीपी नाहीच, मग मजकुरात 'ओटीपी' हा शब्द कितीही ठळक असो. भारतातल्या वेबसाइटसाठी यात एक जास्तीचं काम आहे. ही ओळ घालायची तर मेसेजचा मसुदा बदलतो, आणि बदललेला मसुदा पुन्हा नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो. म्हणजे ज्या वेबसाइटने हे केलेलं नाही तिचा ओटीपी क्रोममध्ये या वाटेने आपोआप भरला जाणार नाही. त्यासाठी फोनमध्ये काहीही बदलून उपयोग नाही, आकडा हाताने टाकायचा.

ओळ आहे आणि तरी भरलं जात नाही, असं झालं तर तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे पान कुठे उघडलंय. मेसेजिंग किंवा समाजमाध्यमाच्या अ‍ॅपमधली लिंक दाबली की पुष्कळदा पान त्या अ‍ॅपच्या पोटातच उघडतं. ते क्रोमसारखं दिसत असलं तरी त्यात ही सोय असेलच असं नाही. कोपऱ्यातल्या तीन टिंबांच्या यादीत 'Open in Chrome' असा पर्याय असतो. तो घेऊन फॉर्म पहिल्यापासून सुरू करावा. दुसरी गोष्ट, पाठवणाऱ्याचं नाव आपल्या संपर्कांच्या यादीत जतन केलेलं आहे का. संपर्कांमधल्या व्यक्तीकडून आलेला मेसेज ही यंत्रणा खासगी मानते आणि त्याला हात लावत नाही. कुणी सोयीसाठी बँकेच्या मेसेजचं नाव जतन करून ठेवलं असेल, तर ते काढून टाकावं. तिसरी गोष्ट वेळेची. पान लक्ष ठेवायला लागल्यानंतर आलेलाच मेसेज बघितला जातो. मेसेज आला आणि त्यानंतर पान नव्याने उघडलं, तर तो मेसेज मागे पडला.

आयफोनवर वाट वेगळी आहे. तिथे २०१८ मधल्या आयओएस १२ पासून आलेला आकडा कीबोर्डच्या वरच्या पट्टीत दिसतो आणि बोट लावलं की चौकोनात उतरतो. आकडा आपण दाबेपर्यंत पानाला मिळत नाही, त्यामुळे वेगळी परवानगी विचारली जात नाही. पत्त्याची ती शेवटची ओळ मेसेजमध्ये असेल, तर आयओएस १४ पासून आयफोनही पत्ता जुळवून बघतो.

पत्ता जुळवण्याच्या या अटीत आपलं एक मोठं संरक्षण आहे. बँकेच्या पानाची हुबेहूब नक्कल करून कुणी आपल्याला तिथे आणलं, तर डोळे फसतील, पण फोन पत्त्यातलं अक्षरन् अक्षर ताडतो. मेसेजमधला पत्ता खऱ्या बँकेचा आणि पान दुसऱ्याचं, म्हणून तो आकडा पुढे करणार नाही. तेव्हा एखाद्या वेबसाइटवर रोज आपोआप भरला जाणारा ओटीपी आज भरला जात नसेल, तर तो हाताने टाकण्याआधी पानाचा पत्ता एकदा डोळ्यांखालून घालावा. सोय बिघडल्यासारखी वाटते तेव्हा ती कदाचित आपलं कामच करत असते.

मेसेज बघायला गेलो आणि फॉर्म गेला

आकडा हाताने टाकायचं ठरवलं की आपण ब्राउझरमधून मेसेजच्या अ‍ॅपमध्ये जातो, आकडा पाहतो आणि परत येतो. परत आल्यावर पान पांढरं होऊन नव्याने उघडतं, भरलेलं सगळं पुसलेलं असतं. कमी मेमरीच्या फोनवर हे सर्रास होतं. मेमरी अपुरी पडली की फोन मागे गेलेलं पान बंद करून टाकतो आणि आपण परतलो की ते पुन्हा मागवतो. नव्या पानाला जुन्या ओटीपीची ओळख असेलच असं नाही.

इलाज असा की ब्राउझर सोडायचाच नाही. मेसेज येताना वरच्या बाजूला जी सूचना येते तिच्यातच आकडा दिसतो. ती निघून गेली असेल तर पडद्याच्या वरच्या कडेवरून बोट खाली ओढावं, सूचनांची यादी उघडते, आकडा वाचावा आणि यादी परत वर सारावी. ब्राउझर जागचा हलत नाही, पान टिकतं. त्यासाठी मेसेजच्या अ‍ॅपला सूचना दाखवण्याची परवानगी हवी. जाहिरातींच्या त्रासाने ती बंद केलेली असेल, तर निदान फॉर्म भरण्यापुरती चालू करावी. सुरुवात करण्याआधी बाकीची अ‍ॅप बंद केली तर आणखी बरं.

सूचनेतला आकडा कधीकधी लपवलेलाही दिसतो. अँड्रॉइड १५ पासून, सूचना वाचण्याची परवानगी असलेल्या इतर अ‍ॅपना ओटीपी असलेल्या सूचनेतला मजकूर दाखवला जात नाही. त्यामुळे जोडलेल्या घड्याळावर किंवा सूचना दाखवणाऱ्या एखाद्या अ‍ॅपमध्ये आकड्याऐवजी संवेदनशील मजकूर लपवल्याची ओळ येऊ शकते. तो बिघाड नाही. आकडा फोनच्याच पडद्यावर वाचावा.

क्लिपबोर्डच्या गाठी

सूचनेखाली पुष्कळदा आकडा कॉपी करण्याचं बटण असतं. ते दाबलं की फक्त आकडा क्लिपबोर्डवर जातो. मग चौकोनात बोट दाबून धरायचं आणि Paste म्हणायचं. यात अडचण येते ती बहुधा दोन ठिकाणी.

पहिली अडचण काय कॉपी झालं याची. मेसेजवर बोट दाबून धरून कॉपी केलं तर सबंध मेसेज उचलला जातो. समजा मेसेज 'Your OTP is 482915' असा आहे आणि चौकोनात सहाच अक्षरं मावतात. पेस्ट केल्यावर तिथे पहिली सहा अक्षरं उतरतात, 'Your O'. पान चौकोनात आकडेच घेत असेल, तर काहीच उतरत नाही आणि आपल्याला वाटतं पेस्ट चालत नाही. कॉपी करताना फक्त आकडा निवडला गेला का, एवढं बघितलं की हे टळतं.

दुसरी अडचण पानाच्या रचनेची. काही वेबसाइट एक चौकोन न देता सहा छोटे चौकोन देतात, प्रत्येकात एक आकडा. दिसायला ते नेटकं असतं. पण पेस्ट केलेला आकडा सहा घरांत वाटून द्यायची सोय बनवणाऱ्याने केलेली नसेल, तर पहिल्या घरात 4 उतरतो आणि बाकीची पाच घरं रिकामी राहतात. काही पानांवर तर पेस्ट करणंच बंद केलेलं असतं. इथे क्लिपबोर्ड निर्दोष आहे, आकडे एकेक करून टाकायचे.

परवानगीचा प्रश्न येतो तो पानावर वेबसाइटचं स्वतःचं पेस्टचं बटण असेल तेव्हा. आपण बोट दाबून Paste म्हणतो तेव्हा मजकूर आपण स्वतः देत असतो, परवानगी लागत नाही. पानाने दिलेलं बटण दाबल्यावर मात्र पान स्वतः क्लिपबोर्ड वाचू पाहतं, म्हणून क्रोम आपल्याला विचारतो. घाईत एकदा Block दाबलं गेलं की क्रोम ते त्या वेबसाइटसाठी लक्षात ठेवतो. पुढच्या वेळी तो विचारत नाही आणि बटण दाबूनही काही घडत नाही. पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर दाबून Permissions मध्ये Clipboard हा पर्याय बदलता येतो. पण खरं सांगायचं तर त्याची गरज नाही. बोट दाबून पेस्ट केलं की काम होतं, आणि क्लिपबोर्डवर ओटीपीखेरीज खाते क्रमांक, पत्ता असं बरंच काही असू शकतं. एका आकड्यासाठी ते सगळं उघडं करण्याचं कारण नाही.

फोन बनवणाऱ्यांनीही हा दरवाजा हळूहळू आवळत आणला आहे. २०१९ मधल्या अँड्रॉइड १० पासून पडद्यावर समोर असलेलं अ‍ॅप आणि कीबोर्ड यांनाच क्लिपबोर्ड वाचता येतो, मागे चालणाऱ्या अ‍ॅपना नाही. अँड्रॉइड १३ पासून क्लिपबोर्डवरचा मजकूर काही वेळाने आपोआप पुसला जातो. आयफोनवर आयओएस १६ पासून अ‍ॅपला दुसऱ्या अ‍ॅपमधला मजकूर स्वतःहून घ्यायचा असेल तर आधी विचारावं लागतं. त्यामुळे ओटीपी आपोआप उचलून घेण्याच्या काही जुन्या युक्त्या आज चालत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

एसएमएसची परवानगी मागणारा कोण?

आतापर्यंतच्या सगळ्या प्रवासात एसएमएस वाचण्याची कायमची परवानगी कुठेही लागली नाही. ब्राउझरला ती लागत नाही. नेहमीच्या अ‍ॅपनाही बहुधा लागत नाही. आपल्यासाठी आलेला एकच मेसेज परवानगीशिवाय मिळवण्याची सोय अँड्रॉइडने अ‍ॅपसाठीही केलेली आहे. सगळे मेसेज वाचण्याची परवानगी मागण्यावर गुगलच्या प्ले स्टोअरनेही २०१९ पासून कडक बंधनं घातली आहेत. मेसेजचं मुख्य अ‍ॅप आणि काही ठरावीक अपवाद, यांनाच ती मागता येते.

ओटीपी येत नाही म्हणून वैतागलेला माणूस काहीही करायला तयार होतो, आणि चोर नेमकी तीच वेळ साधतात. लग्नाची पत्रिका, वाहनाच्या दंडाची पावती, सरकारी योजनेचा अर्ज अशा नावाने एक .apk फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर येते. ती उघडली की अ‍ॅप बसतं आणि पहिली मागणी एसएमएसच्या परवानगीची करतं. ती दिली की येणारा प्रत्येक ओटीपी चोराकडेही पोहोचतो. काही अ‍ॅप तर मेसेज आपल्याला दिसण्याआधीच दडवतात. म्हणजे 'ओटीपी येतच नाही' या तक्रारीमागे एखाद्या वेळी हेही कारण असू शकतं.

म्हणून फोनच्या सेटिंगमध्ये परवानग्यांची यादी उघडावी. शोधण्याच्या चौकोनात 'Permission manager' लिहिलं की ती सापडते. त्यात SMS वर दाबलं की परवानगी असलेली अ‍ॅप एकाखाली एक दिसतात. मेसेजचं अ‍ॅप, फोनची स्वतःची यंत्रणा आणि यूपीआयसाठी नंबर पडताळणारी बँकेची किंवा पेमेंटची अ‍ॅप तिथे असणं साहजिक आहे. टॉर्च, वॉलपेपर, खेळ किंवा आपण कधी घेतल्याचं आठवत नाही असं काही दिसलं, तर आधी परवानगी काढावी, मग अ‍ॅप. पैसे गेल्याचा संशय असेल तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवावं. लवकर कळवलं तर रक्कम वाटेत थांबवता येण्याची शक्यता जास्त असते.

फॉर्म बनवणाऱ्यांसाठी

सामान्य माणसाने करण्यासारखं वर सगळं आलं. पण या त्रासाचा मोठा वाटा फॉर्म बनवणाऱ्याच्या हाती असतो आणि तो दूर करायला फार कष्ट पडत नाहीत. ओटीपीसाठी सहा घरं न करता एकच चौकोन द्यावा आणि तो असा लिहावा:

```
<input type="text" inputmode="numeric"
 autocomplete="one-time-code" maxlength="6">
```

याने फोनला कळतं की इथे ओटीपी येणार आहे, आकड्यांचा कीबोर्ड उघडतो आणि आयफोन आकडा पुढे करतो. पेस्ट करणं बंद करू नये. मेसेजच्या मसुद्यात पत्त्याची ती शेवटची ओळ घालून तो नोंदवून घ्यावा. Resend चं बटण तीस सेकंदांत उजळवण्याऐवजी मिनिटभर थांबवावं आणि मुदत संपेपर्यंत पुन्हा मागितल्यास तोच आकडा पाठवावा. एवढ्याने वरच्या गोष्टीतली ती विद्यार्थिनी पहिल्याच मेसेजवर पुढे गेली असती. आणि पान नव्याने उघडलं तरी भरलेला मजकूर टिकेल अशी सोय करावी, कारण स्वस्त फोनवर अर्ज भरणाऱ्यालाच त्या अर्जाची गरज बहुतेक वेळा जास्त असते.

तोवर आपल्या बाजूने क्रम सोपा आहे. मेसेज आलाय का ते आधी बघायचं. आला नसेल तर एअरप्लेन मोड फिरवायचा आणि Resend ला हात न लावता थांबायचं. आला असेल तर पानाचा पत्ता तपासायचा, सूचनेतूनच आकडा वाचायचा आणि हाताने टाकायचा. सहा आकडे टाकायला दहा सेकंद लागतात. ते दहा सेकंद वाचवण्यासाठी कुठल्याही अ‍ॅपला आपले सगळे मेसेज वाचू देऊ नयेत.